आगली बिडू : भाच्यासाठी सात गाणी

बाळा, तुझी बायको परवा हळदी-कुंकवाला आली तेव्हा सांगत होती की तू झोपेत बोटं मोजतोस. मी काही बोलले नाही, पण घरी येऊन वही काढली. ही गाणी गुरुवारच्या भजनात म्हणायची नाहीत, बायका खोदून खोदून विचारतील. यार्डातून घरी येताना गाडीवर म्हण. हेल्मेटात आवाज छान घुमतो, आणि तुझा आवाज तसाही टाळापेक्षा बरा आहे.

घडलेलं एकदाच मांडते, म्हणजे गाण्यात आकडे आले की अडखळायला नको. राजापुरी हळद, १२० पोती, ५० किलोची भरती, म्हणजे ६० क्विंटल. सौदा ठरला क्विंटलला १३,४५० ला, तू शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीवर मारलेस १४,३५०. क्विंटलमागं ९०० जास्त, एकूण ५४,००० जादा गेले. शेतकऱ्यानं २०,००० परत पाठवले, बाकीचे त्यानं आधीच सोसायटीत भरले होते. राहिले ३४,०००. तुझ्या पगारातून महिन्याला २,०००, सतरा हप्ते, त्यातले चार फिटले. झालं. ह्याच्यापेक्षा मोठं काही घडलेलं नाही, तरी तू ते रोज रात्री नव्यानं घडवतोस.

१. गण

(केरवा. सावकाश सुरू कर.)

कृष्णाकाठच्या गणराया, तूही लिहिणारा,
व्यासांच्या तोंडचं पानावर उतरवणारा.

अट होती तुला, कळल्यावाचून लिहायचं नाही,
माझ्या त्या दुपारी तेवढीच पाळली गेली नाही.

साडेचारशे कानात, साडेतीनशे बोटात,
हमालांचा गलका दारी, मोबाईल वाजे खिशात.

गलक्याच्या आड मी लपत नाही देवा,
बोट माझंच होतं, एवढं लिहून ठेवा.

मोडक्या दातानं पोथी तू पुरी केली,
माझी अजून निम्मी लिहायची राहिली.

२. रात्रीच्या ओव्या

(माझी आई जात्यावर म्हणायची ती चाल. जातं आता कुणाकडं नाही, पंख्याच्या घरघरीवर बसव.)

पहिली माझी ओवी, फिरत्या पंख्याला,
कोण आणून ठेवी रोज, आकडा उशाला.

दुसरी माझी ओवी, निजल्या बायकोला,
तोंडानं लपवलं, बोटांनी सांगितलं तिला.

तिसरी माझी ओवी, आगाऊ तिनाला,
चाराच्या जागी बसला, किती उठवू त्याला.

चौथी माझी ओवी, चौथ्या हप्त्याला,
फिटलेलं धरत नाही, काय म्हणू मनाला.

पाचवी माझी ओवी, रिकाम्या ढिगाला,
रातभर बोली झाली, पोतं नाही काट्याला.

सहावी माझी ओवी, गल्लीच्या दूधवाल्याला,
किटलीचं झाकण वाजलं, उजाडलं जिवाला.

३. सावकाराचं भारूड

(हे नाचून म्हणायचं. लाज वाटली तर दार लाव आणि पोरीला टाळ दे. ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर.)

*अगं बया बया बया, माझं मन सावकार!
मुद्दल चौतीस हजार, व्याजाला नाही पार!*

मालकानं हिशेब धरला, खाली घेतली सही,
सतरा हप्ते म्हणाले, वर एक पै नाही.
मन म्हणतं, थांब थांब, आमची वेगळी वही!

चहा घ्यायला बसलो, म्हणतं, घोट कसा गिळतो?
पोरगी फुगा मागते, म्हणतं, पैसा कुठनं मिळतो?
रविवारी जरा हसलो, म्हणतं, बघा, कसा खिदळतो!

भडंग खाताना शेंगदाणा निवडून निवडून घेतो,
म्हणतं, पट्टीवरचा आकडा तेवढा न बघता जातो?
शेंगदाण्याचा आणि हळदीचा काय संबंध येतो!

'रामराम दिवाणजी' म्हणाला शेजारचा अण्णा,
मन म्हणतं, ऐकलास का, मारला त्यानं टोमणा.
अण्णाला बिचाऱ्याला स्वतःचंच ऐकू येईना!

एके दिवशी विचारलं, सावकारा, दाव कागद,
कुठं माझी सही झाली, कोण साक्षी, काय मुदत?
इकडं बघतो, तिकडं बघतो, चाचपतो खिसा,
कागदच नाही बया, नुसताच घसा!

४. रेघेचा अभंग

(तू शाळा सोडून पेढीवर लागलास तेव्हा जुन्या दिवाणजींनी पहिल्या दिवशी हेच शिकवलेलं, तूच मला सांगितलेलंस. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण कच्ची वही अजून हातानंच लिहिता ना? चुकलेला आकडा तुम्ही खरडत नाही. मग स्वतःला रोज का खरडतोस?)

चुकला आकडा । खरडू नयेच ।
कागद उगाच । फाटतोच ॥

एक आडवी ती । रेघ मारायची ।
सरळ, धीराची । त्याच्यावर ॥

खालचा आकडा । दिसत राहावा ।
वर तो लिहावा । खरा होता ॥

शेजारी आपली । सही पुरी करा ।
तारीखही भरा । आजचीच ॥

वडीलधाऱ्यांची । रीत ही वहीची ।
मलाच कशाची । लाज वाटे ॥

लाल शाई नको । नको पान फाडू ।
खाली ओळ मांडू । पुढच्याची ॥

म्हणे दिवाणजी । रेघ मी मारली ।
सही ही ठेवली । तुझ्या पायी ॥

५. आगली बिडू

(ह्याला ताल नाही. बोलल्यासारखं म्हण. चिक्कोडीकडच्या त्या शेतकऱ्याला तू फोन केलास, ते मला तुझ्या सगळ्या गोष्टीत जास्त आवडलं.)

तीन वेळा नंबर लावला, तीन वेळा कापला,
चौथ्यांदा त्यानंच उचलला.
मी म्हणालो, दादा, चूक माझी झाली,
तुमच्या पट्टीत नाही, माझ्या बोटात झाली.

मागं त्याच्या बैलाची घंटा वाजत होती,
कुणीतरी बाई कन्नडमधनं काही विचारत होती.
त्यानं तिला सांगितलं, मला सांगितलं,
दोघांना एकाच दमात:
आगली बिडू.

होऊ दे, सोड.

वीस हजार धाडले त्यानं संध्याकाळच्या आत,
उरलेले सोसायटीचे, ते नव्हते त्याच्या हातात.
पुढच्या हंगामाला माल तुमच्याच पेढीवर, म्हणाला,
आणि तुमच्याकडं पाऊस कसा आहे, विचारला.

त्यानं दोन शब्दांत सोडलं मला,
मी मला सोडायला शब्द शोधतो आहे.
माझ्या भाषेत आहेत की, 'जाऊ दे' म्हणतात,
पण स्वतःला म्हणताना जीभ दातात येते.

म्हणून त्याचेच उसने घेतो,
हंगामापुरते, परत करायच्या बोलीवर:
आगली बिडू.
हळू म्हणतो. पोरगी झोपली आहे.
आगली बिडू.

६. पूररेषेचं गाणं

(हरिपूरला ये, संगमावर बसू. कृष्णा आणि वारणा दोघी ऐकतील. तुझी काकी चहा आणेल.)

आयर्विन पुलाच्या कमानीखाली पाणी आलं, पाणी गेलं,
फुटाफुटानं चढलेलं फुटाफुटानं उतरलं.

२०१९ चा श्रावण, सत्तावन्न फुटांवर नदी,
पेठेतनं होड्या फिरल्या, असं बघितलं नव्हतं कधी.

पाणी ओसरल्यावर कुणी भिंतीवर रेघ ओढली,
'पाणी इथवर', तारीख खाली, खडूनं जोडली.

इथवर म्हणजे इथवर. कुणी त्याच्यावर नाही म्हणालं,
घाबरलेलं माणूससुद्धा मोजून तेवढंच बोललं.

माझ्या चुकीला फूट किती? मी पण काढतो रेघ,
चौतीस हजार, सतरा हप्ते, एका दुपारचा वेग.

मालक एकदा रागावले. बायको एकदा रडली.
दादानं पावसाचं विचारलं. एवढीच वर चढली.

त्याच्या वरची भिंत बघतो, कोरडी आहे सारी,
तिथं पेन्सिलीनं मांडली आहे पोरीची उंची, दारी.

७. मापाचं गाणं

(तुझे आजोबा मापारी होते. धान्य मोजताना ते 'एक' कधी म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. पहिलं माप लाभाचं, मग दोन. सकाळी काट्यापाशी उभा राहिलास की हे पुटपुट. हमाल हसले तर हसू दे, त्यांना दोन दिवसांत पाठ होईल बघ.)

लाभ! लाभ म्हणा, पहिलं पोतं काट्यावर आलं,
दोन! दोन डोळे माझे, दोन्ही आकड्यावर लावलं.

तीन! तीन म्हणजे तीन रं, आपल्या जागी बसला,
चार! चार त्याच्या पाठीमागं, रांग धरून हसला.

पाच! पाचवा हप्ता उद्या, पगाराच्या दिवशी,
सहा! सहा वाजता घरी, पोरगी उभी वेशी.

सात! सात जणांनी ऐकलं, मी भाव मोठ्यानं म्हटला,
आठ! आठवा हमाल सोडून सगळ्यांना तो पटला.

(आठवा बहिरा आहे, त्याला बोटांनी दाखवायचं.)

नऊ! नऊशेला आता मी नावानं ओळखतो,
समोरून 'बराबर' आलं, की मगच बोट टेकवतो.

दहा! दहाचा चट्टा झाला, बाजूला लावा रं,
अकरावं पोतं पाठीवर घ्या, सुरुवातीनं म्हणा रं:

लाभ,
दोन,
तीन,
चार.