संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यासाठी शाकाहारी आहार योजना

आपले वजन 65 किलो असून आपण अंडी व प्रथिनांची पावडर घेत नाही, म्हणून दिवसाला सुमारे 105 ग्रॅम प्रथिने रोजच्या स्वयंपाकातूनच मिळवायची आहेत.

सकाळी 60 ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटावी, त्यात आले-मिरची घालून धिरडी काढावीत, आत 50 ग्रॅम पनीर कुस्करून भरावे आणि सोबत पेलाभर दूध घ्यावे. यातून साधारण 30 ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, 60 ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून केलेली उसळ आणि 200 ग्रॅम दही असावे. भाकरी आणि उसळ ही जोडी मोडू नये, कारण धान्यात कमी असलेला लायसिन हा प्रथिनांचा घटक कडधान्य भरून काढते.

व्यायामापूर्वी तासभर आधी मूठभर फुटाणे व शेंगदाणे पुरेत.

रात्री दोन पोळ्यांसोबत 40 ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी घ्यावी. वड्या उकळत्या पाण्यात फुगवून दोनदा घट्ट पिळाव्यात, म्हणजे उग्र वास जातो आणि मसाला आतपर्यंत मुरतो. एवढ्या वड्यांतून सुमारे 20 ग्रॅम प्रथिने मिळतात. कडधान्यांनी पोट जड वाटल्यास पहिला आठवडा उसळ निम्मीच घ्यावी.