गोकाकचं पाणी किती वेगानं आदळतं? (नववी, ऊर्जा: निवेदन आणि चित्रसूचना)

[काळा फळा. डावीकडे कड्याची रेघ वरून खाली, हळू.]
निवेदन: घटप्रभा नदी गोकाकजवळ सुमारे ५२ मीटर खाली कोसळते.

[निळं पाणी उतरतं. शेजारी दुटोकी बाण, त्यावर h = 52 m. बाण पुरा होईपर्यंत आवाज थांबलेला.]
कड्यावरच्या पाण्याकडे स्थितिज ऊर्जा असते. पडताना तिची गतिज ऊर्जा होत जाते.

[हस्ताक्षर, एकेक अक्षर:]
mgh = ½mv²

[दोन्ही m वर लाल काट. खडूचा आवाज ठेवा. मुलांना तो आवडतो.]
वस्तुमान गेलं! म्हणजे तांब्याभर पाणी असो की पावसाळ्यातला पूर, वेग तोच.

[सरांच्या मूळ टिपणात इथे "हे बघा, इथे" असं चारदा आहे. ते काढलंय, बोटाचं काम पिवळं वर्तुळ करेल. सरांचं "काय गा, कळलं काय?" मात्र राहू द्या.]
काय गा, कळलं काय? आता आकडे घालू.

[आधीची ओळ फिकट, पुसू नका. खाली:]
v = √(2gh)
v = √(2 × 9.8 × 52) ≈ 32 m/s

[तीन सेकंद शांतता, वहीत उतरवायला.]
म्हणजे ताशी सुमारे ११५ किलोमीटर.

[पाण्याच्या धारेचे तुषार होतात, वर जाणारे छोटे बाण.]
खरा वेग याहून कमी भरतो. हवा अडवते, धार फुटते. ती ऊर्जा कुठं गेली, ते पुढच्या भागात.