सिंगापूरच्या नोकरीला नकार देणारं पत्र

मुलुंड पूर्व, मुंबई
१२ जानेवारी २०२६

आदरणीय देशपांडे सर,
सप्रेम नमस्कार.

सिंगापूरची नोकरी मी स्वीकारू शकत नाही. तुमच्या एचआर विभागाला तसं इंग्रजीतून आज सकाळीच कळवलं आहे. तो मेल चार ओळींचा आहे आणि त्यात फक्त 'कौटुंबिक कारणामुळे' एवढंच लिहिलं आहे. पण माझं नाव तुम्ही सुचवलंत, पगाराची श्रेणी वाढवून घेतलीत, आरोहच्या आजारासकट विमा मिळावा म्हणून स्वतः पाठपुरावा केलात. एवढं केल्यावर तुम्हाला खरं कारण सविस्तर कळायला हवं, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. नकार कामाला नाही आणि पैशालाही नाही. मेट्रो तीनच्या वेळी काळबादेवी-गिरगावच्या जुन्या इमारतींवर क्रॅक मीटर आणि टिल्ट मीटर बसवताना तुम्ही जे शिकवलंत, त्यावरच माझं आजवरचं काम उभं आहे. खाली मशीन पुढे सरकतंय आणि वर माणसं घरात झोपली आहेत, ही जबाबदारी काय असते ते मला तिथे कळलं. आपला बेसाल्ट आणि ब्रेशिया मला आता बऱ्यापैकी वाचता येतो. क्रॉस आयलंड लाइनच्या पूर्वेकडच्या भागातला ओल्ड अल्युव्हियम हा वेगळाच प्रकार आहे, आणि दाट वस्तीखालून त्यातून बोगदा नेताना जमीन कशी वागते हे रोजच्या रोज बघायला मिळणं, याहून चांगली संधी जिओटेक्निकलवाल्याला कुठे मिळणार? पहिल्या टप्प्याचे २९ किलोमीटर आणि १२ स्टेशनं २०३० मध्ये सुरू व्हायची आहेत, म्हणजे मी ऐन कामात पोचले असते. तुम्ही पाठवलेले बोअरहोल लॉग मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसायचे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

अडचण निखिलच्या कामाच्या परवान्याची आहे. 'तो इथे आला की काहीतरी होईल' असं तुम्ही फोनवर म्हणालात, आणि ते आपुलकीनेच म्हणालात. पण गेले काही आठवडे आम्ही दोघं या 'काहीतरी'च्या मागे लागलो होतो. ते आज तरी कुठेच दिसत नाही.

माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर निखिल आणि आरोहला डिपेंडंट पास मिळेल, त्यात शंका नाही. पूर्वी त्या पासवर आलेल्या नवराबायकोला लेटर ऑफ कन्सेंट घेऊन नोकरी करता यायची. १ मे २०२१ पासून ते बदललं. आता त्याला स्वतःचा एम्प्लॉयमेंट पास, एस पास किंवा वर्क परमिट लागतो, आणि तो काढणार त्याला नोकरी देणारी संस्था. एम्प्लॉयमेंट पाससाठी कॉम्पासच्या गुणपद्धतीत ४० गुण हवेत, एस पासला कोटा आहे. या दोन्ही गोष्टी निखिलच्या हातात नाहीत, माझ्या नाहीत आणि तुमच्या कंपनीच्याही नाहीत.

शिवाय तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. तिथे हा व्यवसाय अलाइड हेल्थ प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदणीशिवाय करता येत नाही. बाहेर शिकलेल्या माणसाला आधी तिथल्या संस्थेकडून नोकरीचा प्रस्ताव हवा, मग सशर्त नोंदणी, आणि मग कुणाच्या तरी देखरेखीखाली काम. त्याने अर्ज केले. ज्यांच्याकडून उत्तरं आली त्यांचा सूर एकच होता: नोंदणी झाल्यावर कळवा. आणि नोंदणीसाठी तर नोकरी हवी. स्वतःचं सेंटर काढलं तर लेटर ऑफ कन्सेंटचा रस्ता अजून उघडा आहे, असं तुमच्या सल्लागारांनी सुचवलं होतं. पण त्यातही कौन्सिलची नोंदणी चुकत नाही, स्थानिक माणूस नोकरीवर ठेवावा लागतो, आणि तेवढं भांडवल आमच्याकडे नाही.

निखिल केईएममध्ये शिकला. आज परळच्या एका धर्मादाय केंद्रात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबरोबर काम करतो. चमचा धरता येणं, शर्टाचं बटण लावता येणं, यासाठी तो एकेका मुलाबरोबर महिनोन्महिने बसतो. त्या मुलांच्या आया त्याला रात्री व्हिडिओ पाठवतात, 'सर, आज स्वतःच्या हाताने खाल्लं.' हे काम बंद करून तो सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये बसेल, आणि किती दिवस बसेल ते कुणालाच सांगता येणार नाही, हे मला मान्य नाही. तो स्वतः तयार आहे, सर. 'तू माझ्यासाठी नाही म्हणू नकोस, वर्षभर मी आरोहला बघेन,' असं त्याने मला दोनदा सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. पण वर्षभर म्हणजे पुढे काय, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. तो हो म्हणाला म्हणून मी ते घ्यायचं का, हा निर्णय माझा होता. मी नाही घेणार. आमच्या लग्नात त्याच्या कामाची किंमत माझ्या कामापेक्षा कमी कधीच नव्हती. पगारपत्रकावर तसं दिसतं, तेवढंच.

आता तुमच्या दुसऱ्या सूचनेबद्दल. 'तू सहा महिने एकटी ये, रूळ, मग त्यांना आण, मुंबई काय साडेपाच तासांवर आहे.' दुसऱ्या एखाद्या घरात हे जमलं असतं. साईटवरच्या कितीतरी जणांनी गावाकडे कुटुंब ठेवून वर्षानुवर्षं काम केलेलं मी बघितलंय, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आमच्याकडे जमणार नाही, त्याचं कारण आरोह.

त्याला टाइप वन डायबेटिस आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण त्याचा दिवस कसा असतो हे मी कधी सांगितलं नव्हतं. सात वर्षांचा मुलगा आहे. प्रत्येक घासाचा हिशोब करून इन्सुलिन द्यावं लागतं, खेळून आला की साखर उतरते, ताप आला की चढते. दंडावर सेन्सर आहे, तो रात्री वाजतो. कधी दोन वाजता, कधी चार वाजता. मग उठून ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, परत आकडा बघायचा, वर आला की झोपायचं. एक रात्र निखिल, एक रात्र मी, अशी आमची पाळी आहे. सासूबाई भाकरीचे कार्ब्ज मोजायला शिकल्या आहेत आणि दिवसा त्यांचा मोठा आधार आहे. पण रात्रीचा भार सत्तरी ओलांडलेल्या बाईवर टाकता येत नाही.

आरोह इथे राहिला तर निखिल एकटाच सगळ्या रात्री जागणार आणि सकाळी मुलुंडहून परळला जाणाऱ्या गर्दीत उभा राहणार. मी त्याला बरोबर आणला तर तिथे मी एकटी, आणि बोगद्याच्या कामात मॉनिटरिंगवाल्याला फोन कधी येतो हे तुम्हीच मला शिकवलंय. सेटलमेंटने अलार्म लेव्हल ओलांडली की रात्रीच्या तीन वाजता साईटवर असायला हवं. त्याच वेळी आरोहचा सेन्सर वाजला तर? मी दोन्हीकडे असू शकत नाही. वर इमारतीत माणसं झोपलेली असताना अर्धं लक्ष घरी ठेवून काम करणारी इंजिनिअर तुम्हालाही नको असणार.

पैशाचं थोडक्यात सांगते. पगार चांगला आहे, पण तो एकटा आहे. इथला गृहकर्जाचा हप्ता, तिथलं भाडं आणि आरोहची शाळा हे सगळं त्यातून भागेल, शिल्लक फार राहणार नाही. तेही चाललं असतं. पण तिघांचंही तिथलं राहणं माझ्या एकटीच्या पासवर टांगलेलं असेल. तो संपला की त्या दोघांचाही संपला. दोघांची स्वतंत्र कमाई असती तर एवढी धाकधूक वाटली नसती.

जागा माझ्यासाठी अडवून ठेवू नका, ही विनंती. 'पुढच्या तिमाहीपर्यंत थांबतो' असं तुम्ही म्हणाला होतात, पण तिमाहीत निखिलचा पास होईल असं मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही आणि तुमचं काम त्यासाठी खोळंबू नये. त्याने अर्ज करणं सोडलेलं नाही. कुठल्या रुग्णालयाने त्याला घ्यायचं ठरवलं आणि नोंदणी व पास दोन्ही हातात आले, तर मी स्वतः तुम्हाला फोन करेन. तेव्हा जागा असेल-नसेल, याहून कमी हुद्द्याची असली तरी मी विचार करेन. सध्या ठाणे-बोरिवली बोगद्याच्या कामावर आहे, तिथेच राहते आहे.

तुम्हाला माणूस तातडीने हवा आहे, तर एक नाव सुचवते. माझ्या टीममधली श्रद्धा. इनक्लिनोमीटर आणि पिझोमीटरचा डेटा माझ्याइतकाच, किंबहुना माझ्यापेक्षा बारकाईने बघते. आकड्यात गडबड दिसली की कुणाचीही भीड न ठेवता काम थांबवायला सांगते. अविवाहित आहे, बाहेर जायची तिची तयारी आहे. तुम्हाला नाव देण्याआधी मी तिला विचारलंय. हो म्हणालात तर तिचा बायोडेटा लगेच पाठवते. अनुभव माझ्याहून चार वर्षांनी कमी आहे, पण पहिले काही महिने रोज संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोलायची माझी तयारी आहे.

तुमचे बोअरहोल लॉग आणि मॉनिटरिंगचा आराखडा मी माझ्या लॅपटॉपवरून काढून टाकला आहे. प्रती कुणाकडे गेलेल्या नाहीत. आराखड्यावर माझ्या काही टिपा होत्या, त्या सोबत जोडल्या आहेत. विशेषतः तिसऱ्या पानावरचं बघा. तिथल्या जुन्या दुकानांच्या रांगेला दिलेले सेटलमेंट पॉइंट मला विरळ वाटतात. पाया उथळ असेल तर अंतर निम्मं करावं असं माझं मत आहे. हे काम जो कुणी घेईल त्याच्यापर्यंत एवढं पोचवा.

फेब्रुवारीत तुम्ही दादरला काकूंना भेटायला येणार आहात असं म्हणाला होतात. त्या वेळी एक संध्याकाळ आमच्याकडे या. निखिललाही तुम्हाला भेटायचं आहे. काकूंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
मृणाल