शब्दांचे चित्र आणि अर्थाचे चित्र
इयत्ता चौथी, शनिवारचा मराठी वर्ग, इंदूर : वाक्प्रचार आणि म्हणी

मुलांनो, गेल्या शनिवारी वर्ग सुटण्याच्या वेळी एक मुलगा म्हणाला, "बाई, माझ्या पोटात उंदीर धावत आहेत." सगळ्यांना त्याचे म्हणणे कळले, कारण तुम्ही सगळे शाळेत हिंदी शिकता आणि हिंदीत भूक लागली की पोटात उंदीरच धावतात. मराठीत मात्र पोटात कावळे ओरडतात. भूक तीच असते, पण तिचे चित्र प्रत्येक भाषेने आपल्या डोळ्यांना दिसले तसे काढलेले असते. म्हणून या पाठात आपण प्रत्येक वाक्प्रचाराची आणि म्हणीची दोन चित्रे पाहणार आहोत. पहिले आहे शब्दांचे चित्र, म्हणजे शब्द जसेच्या तसे घेतले तर डोळ्यांपुढे जे उभे राहते ते. दुसरे आहे अर्थाचे चित्र, म्हणजे बोलणाऱ्याला खरोखर जे सांगायचे असते ते. पहिले चित्र नीट पाहिले की दुसरे पाठ करावे लागत नाही.

वाक्प्रचार

वाक्प्रचार एकटा उभा राहत नाही. त्याच्या शेवटी "णे" असलेले क्रियापद असते, आणि वाक्यात घालताना ते क्रियापद काळाप्रमाणे बदलावे लागते.

१. पोटात कावळे ओरडणे
शब्दांचे चित्र : एका मुलाच्या पोटावर गोल खिडकी आहे आणि तिच्यातून तीन कावळे चोची उघडून काव काव करत आहेत.
अर्थाचे चित्र : तोच मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे आणि आजी कढईत पोहे परतते आहे.
अर्थ : खूप भूक लागणे.
वाक्य : सकाळपासून काही खाल्ले नव्हते, त्यामुळे पोहे-जिलबीच्या दुकानापाशी पोहोचेपर्यंत माझ्या पोटात कावळे ओरडू लागले होते.

२. तोंडात बोट घालणे
शब्दांचे चित्र : एका मुलीने उजव्या हाताचे एक बोट तोंडात घातले आहे.
अर्थाचे चित्र : तीच मुलगी मान वर करून राजवाड्याचा सर्वांत वरचा मजला पाहते आहे.
अर्थ : आश्चर्याने थक्क होणे.
वाक्य : पुण्याहून आलेल्या मामेभावाने सात मजली राजवाडा पाहून तोंडात बोट घातले.
हिंदीत आश्चर्य वाटले की बोट दातांखाली दाबतात, मराठीत ते नुसते तोंडात जाते. दात मध्ये आणू नका.

३. कान टवकारणे
शब्दांचे चित्र : झोपलेल्या कुत्र्याने डोळे मिटलेले ठेवूनच दोन्ही कान ताठ उभे केले आहेत.
अर्थाचे चित्र : आई आणि बाबा हळू आवाजात सुट्टीतल्या गावाविषयी बोलत आहेत, आणि शेजारी अभ्यास करणाऱ्या ताईची पेन्सिल थांबली आहे.
अर्थ : लक्ष देऊन ऐकू लागणे.
वाक्य : "महेश्वरला" हा शब्द ऐकताच ताईने कान टवकारले.

४. डोळ्यांत तेल घालून पहारा देणे
शब्दांचे चित्र : दोन डोळ्यांच्या जागी दोन पणत्या आहेत आणि एक हात त्यांत तेल ओततो आहे.
अर्थाचे चित्र : रात्र झाली आहे, सगळे झोपले आहेत, आणि एक पहारेकरी हातात काठी घेऊन टक्क जागा आहे.
अर्थ : अतिशय सावधपणे राखण करणे.
वाक्य : रंगपंचमीच्या गेरच्या दिवशी गर्दीत कोणाला इजा होऊ नये म्हणून पोलीस डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते.
या चित्रावर थोडे थांबा. पणती रात्रभर तेवत राहावी असे वाटत असेल, तर तिच्यात पुन्हा पुन्हा तेल घालावे लागते, नाहीतर वात विझते. डोळेही पणतीसारखे जागे ठेवायचे आहेत, असे मानून हे चित्र पाहिले तर वाक्प्रचार कायमचा लक्षात राहतो. खऱ्या डोळ्यांत तेल कधीही घालायचे नाही, हे सांगायला नकोच.

५. पाठ थोपटणे
शब्दांचे चित्र : आजोबांचा हात नातीच्या पाठीवर आहे.
अर्थाचे चित्रही हेच आहे, फक्त नातीच्या हातात निबंधस्पर्धेचे प्रमाणपत्र आहे.
अर्थ : शाबासकी देणे.
वाक्य : पाठांतरात एकही चूक झाली नाही, म्हणून आजोबांनी माझी पाठ थोपटली.

आता एक गोष्ट फार काळजीने पाहा, कारण वहीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. वर "ताईने कान टवकारले" असे लिहिले आहे, "टवकारली" असे नाही. ताई मुलगी असली तरी क्रियापद इथे "कान" या शब्दाच्या मागे चालते. "पाठ" स्त्रीलिंगी आहे, म्हणून आजोबांनी पाठ "थोपटली". "बोट" नपुंसकलिंगी आहे, म्हणून मामेभावाने बोट "घातले". दुसरे असे, की हिंदीतल्या "मैंने"च्या सवयीने आपल्यापैकी पुष्कळ जण "मीने कान टवकारले" असे लिहितात. मराठीत "मी" ला "ने" लागत नाही. "मी कान टवकारले" हेच बरोबर आहे.

म्हणी

म्हण पूर्ण असते. तिच्यातला शब्द आपण बदलत नाही, तिला प्रसंगाच्या शेवटी तशीच्या तशी ठेवतो, आणि म्हणून म्हणीचा सराव एका वाक्यात न करता छोट्या प्रसंगात करायचा असतो.

६. थेंबे थेंबे तळे साचे
शब्दांचे चित्र : आकाशातून थेंब पडत आहेत आणि खाली तळे काठोकाठ भरले आहे.
अर्थाचे चित्र : एका मुलीच्या हातात मातीचा गल्ला आहे आणि ती त्यात एक नाणे टाकते आहे.
अर्थ : थोडे थोडे साठवले की मोठा साठा होतो.
प्रसंग : दादाने रोज मराठीचे दोनच नवे शब्द वहीत लिहिले. दिवाळीपर्यंत त्याची वही भरली. थेंबे थेंबे तळे साचे.

७. उथळ पाण्याला खळखळाट फार
शब्दांचे चित्र : पावसाळ्यातला एक लहान ओढा दगडांवरून खळखळत धावतो आहे, आणि लांबवर नर्मदेचे खोल पात्र शांत वाहते आहे.
अर्थाचे चित्र : वर्गात एक मुलगा हात हलवून मोठमोठ्याने बोलतो आहे. ज्या मुलीला उत्तर खरोखर येते, ती शांतपणे फळ्यावर लिहिते आहे.
अर्थ : ज्याला थोडे येते, तो मोठेपणा फार मिरवतो.
जे महेश्वरच्या घाटावर गेले असतील, त्यांनी तिथले पाणी आठवून पाहावे. पाणी खोल असले की आवाज नसतो, आणि घोट्याएवढ्या पाण्यात मात्र प्रत्येक दगड बोलतो. हिंदीत यासाठी अर्धी भरलेली घागर हिंदकळते. दोन्ही चित्रांत पाणीच आहे, आणि दोन्हींत ते कमीच आहे. मला आपले ओढ्याचे चित्र अधिक आवडते, कारण त्यात आवाजही ऐकू येतो.

८. नाचता येईना, अंगण वाकडे
शब्दांचे चित्र : घुंगरू बांधलेली एक बाई अंगणाकडे बोट दाखवून तक्रार करते आहे. अंगण मात्र सरळ आहे आणि त्यात सुंदर रांगोळी काढली आहे.
अर्थाचे चित्र : एक मुलगा त्रिफळा उडालेल्या यष्ट्यांपुढे उभा राहून बॅटकडे रागाने पाहतो आहे.
अर्थ : आपल्याला येत नाही, हे कबूल न करता दुसऱ्या वस्तूला दोष देणे.
ही म्हण हिंदीतही जवळजवळ अशीच आहे, त्यामुळे तुम्हांला ती सोपी जाईल.

९. पळसाला पाने तीनच
शब्दांचे चित्र : पळसाची एक फांदी आहे. प्रत्येक देठावर तीन पाने आहेत, दोन बाजूंना समोरासमोर आणि एक टोकाला.
अर्थाचे चित्र : डावीकडे इंदूरचे घर आहे आणि उजवीकडे मुंबईचे. दोन्ही घरांत सकाळची शाळा गाठण्यासाठी सारखीच घाई चालली आहे.
अर्थ : कुठेही गेले तरी परिस्थिती सारखीच असते.
प्रसंग : मावशीला वाटले, नव्या शहरात रहदारी कमी असेल. तिथेही रोज तासभर गाडी अडकली, तेव्हा ती म्हणाली, "कुठेही जा, पळसाला पाने तीनच."
पळस आपल्या माळव्यात भरपूर आहे. होळीच्या सुमारास ज्याला केशरी टेसूची फुले येतात, आणि ज्याच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण करतात, ते हेच झाड. ते महाराष्ट्रात पाहा किंवा मध्य प्रदेशात पाहा, देठावर पाने तीनच असतात, आणि म्हण तेवढेच सांगते. इथे सावध राहा, कारण हिंदीतही "ढाक के तीन पात" आहेत आणि ढाक म्हणजे पळसच. पण हिंदीत ते शब्द पुष्कळ खटपट करूनही काहीच बदलले नाही, हे सांगण्यासाठी वापरतात, तर मराठीत सगळीकडे सारखेच आहे, हे सांगण्यासाठी. पान एकच, पण दोन भाषांनी त्याच्याकडे दोन बाजूंनी पाहिले. पुढच्या शनिवारी ज्यांना मिळेल त्यांनी झाडाखाली पडलेले एक पान देठासह आणावे. आपण ते वहीत चिकटवून त्याखाली म्हण लिहू.

सराव

(अ) कंसातील वाक्प्रचार योग्य रूपात वापरून वाक्य पूर्ण करा.
१. खेळून घरी येताच आम्हां भावंडांच्या … . (पोटात कावळे ओरडणे)
२. मांजरीचा आवाज ऐकून उंदराने … . (कान टवकारणे)
३. बाईंनी माझे अक्षर पाहून माझी … . (पाठ थोपटणे)
४. जादूगाराने रिकाम्या टोपीतून कबूतर काढले, तेव्हा मी … . (तोंडात बोट घालणे)

(आ) चुका दुरुस्त करून वाक्ये पुन्हा लिहा.
१. मीने गोष्ट ऐकायला कान टवकारले.
२. काकूने माझी पाठ थोपटले.
३. माझ्या पोटात उंदीर धावत आहेत.

(इ) प्रसंग वाचा आणि शेवटी योग्य म्हण लिहा.
१. आत्याच्या मुलाला पेटी वाजवता येत नव्हती. तो म्हणाला, "या पेटीचे सूरच खराब आहेत." त्याच पेटीवर आजोबांनी सुंदर भजन वाजवले.
२. आजीने रोज संध्याकाळी पाच पाच ओळी विणल्या. हिवाळा येईपर्यंत पूर्ण शाल तयार झाली.
३. नवा विद्यार्थी म्हणत होता, "मला सगळे पाढे येतात, कोणताही विचारा!" सातचा पाढा विचारला, तेव्हा तो चौथ्या ओळीवरच अडला.

(ई) "डोळ्यांत तेल घालून पहारा देणे" या वाक्प्रचाराची तुमची स्वतःची दोन चित्रे काढा. अर्थाचे चित्र तुमच्या घरातले किंवा गल्लीतले असावे. खाली एक वाक्य लिहा आणि ते घरी आजी किंवा आजोबांना वाचून दाखवा.

उत्तरे
(अ) १. पोटात कावळे ओरडू लागले. २. कान टवकारले. ३. पाठ थोपटली. ४. तोंडात बोट घातले.
(आ) १. मी गोष्ट ऐकायला कान टवकारले. २. काकूने माझी पाठ थोपटली. ३. माझ्या पोटात कावळे ओरडत आहेत.
(इ) १. नाचता येईना, अंगण वाकडे. २. थेंबे थेंबे तळे साचे. ३. उथळ पाण्याला खळखळाट फार.
(ई) याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असेल. चित्रे शनिवारी वर्गाच्या भिंतीवर लावू.