पोषण मूल्यमापन व आहार योजना : स्त्री मेडिसिन वॉर्ड, बेड 14

सोलापूर. दाखल झाल्याचा तिसरा दिवस, सकाळी 11 वाजता. नाव-पत्ता केसपेपरवर आहे. वय 72, स्त्री. पूर्वी विड्या वळायच्या, दोन वर्षांपासून काम बंद. मुलगा यंत्रमागावर, सून घरी. न्यूमोनियासाठी दाखल, अँटिबायोटिक शिरेतून सुरू. मधुमेह नाही, किडनीचे रिपोर्ट ठीक. माळकरी आहेत, अंडं-मांस नाही, एकादशी करतात.

कॉल आला तो "जेवत नाहीत, प्रोटीन पावडर लिहून द्या" एवढाच. सूनबाई म्हणाल्या, "आत्या घरी खातात की व्यवस्थित." म्हणून दुपारचं ताट येईपर्यंत बेडजवळ थांबले. पोळी, पातळ वरण, भात, मटकीची उसळ. आजींनी वरणात बोटं बुडवून चाटली, भाताची चार शितं घेतली, पोळीचा तुकडा गालात धरून ठेवला आणि पाच मिनिटांनी पदरात काढला. "भाकर चावत न्हाई बाई, मग काय खायचं?" खाली एकही दात नाही, वर दोन हलणारे. कवळी घरी स्टीलच्या डब्यात आहे, ती ढिली झाल्यापासून लावत नाहीत. भूक नाही असं केसपेपरवर लिहिलंय. भूक थोडी कमी आहे हे खरं, पण ताटात त्यांना खाता येईल असं काहीच नव्हतं हेही लिहायला हवं.

मोजमापं

पाठीला पोक आहे, उभं करून उंची घेणं शक्य नाही. गुडघ्याची उंची 44 सेंमी. त्यावरून 84.88 − (0.24 × 72) + (1.83 × 44) = 148 सेंमी. खुर्चीच्या काट्यावर वजन 34.2 किलो, बीएमआय 15.6. सहा महिन्यांपूर्वीच्या ओपीडीच्या कागदावर 41 किलो आहे, म्हणजे 6.8 किलो, जवळपास 17 टक्के घट. घोट्यांवर दाबलं तर खळगा पडतो, तेव्हा खरं वजन यापेक्षाही कमी असणार. दंड 19.5 सेंमी, पोटरी 26 सेंमी (31 च्या खाली गेली की स्नायू झडल्याची शंका घ्यायची). कानशिलं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली.

एमएनए शॉर्ट फॉर्म 14 पैकी 3. सातपर्यंतचा स्कोअर कुपोषणाचा. निदान : तीव्र कुपोषण.

हिमोग्लोबिन 8.9, पोटॅशियम 3.3, फॉस्फेट 2.4, मॅग्नेशियम 1.7. अल्ब्युमिन 2.4 आहे, पण एवढा संसर्ग असताना तो आकडा आजाराचा जास्त आणि आहाराचा कमी, म्हणून त्यावर योजना ठरवलेली नाही.

कालच्या 24 तासांत : अर्धा कप चहा चार वेळा, चार बिस्किटं चहात बुडवून, तांदळाची पेज अर्धी वाटी. सगळं मिळून जेमतेम 290 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं. सून सांगते की ताप आल्यापासून, म्हणजे दहा-बारा दिवस, असंच चाललंय.

चमच्याने पाणी पाजून पाहिलं : ठसका नाही, आवाज घोगरा झाला नाही. तरी न्यूमोनिया आहे, म्हणून भरवताना उशी लावून सरळ बसवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. निजल्या निजल्या चहा पाजताना कालच एकीला पाहिलं, ते बंद.

आधी धोका

बीएमआय 16 च्या खाली, घट 15 टक्क्यांच्या वर, दहा दिवस नावापुरतं खाणं, फॉस्फेट-पोटॅशियम आधीच कमी. रिफीडिंग सिंड्रोमचा धोका मोठा आहे. एकदम भरपूर अन्न दिलं की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं आणि हृदयावर बेततं. त्यामुळे पहिला घास वाढवण्याआधी थायमिन. निवासी डॉक्टरांशी बोलणं झालं, आज दुपारी पहिला डोस, पोटॅशियम-फॉस्फेटची भरपाईही तेच लिहीत आहेत. पहिला आठवडा तिन्ही क्षार रोज तपासावेत.

नातेवाईकांना "ताकदीची सलाईन" हवी आहे. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे 85 कॅलरी. साध्या सलाईनमध्ये शून्य. सुनेला हे पेजेच्या वाटीशी तुलना करून सांगितलं, पटलेलं दिसलं. थायमिनआधी डेक्स्ट्रोज लावू नये ही विनंती.

योजना

अंतिम गरज : 1,050 ते 1,150 कॅलरी, प्रथिनं 45 ते 50 ग्रॅम. तिथे हळूहळू पोचायचं : पहिले दोन दिवस 340 (किलोमागे 10), तिसऱ्या दिवशी 500, चौथ्या-पाचव्या दिवशी 700, सहाव्या दिवशी 850, सातव्या दिवशी 1,050. क्षार घसरले तर त्या दिवशीची वाढ थांबवायची.

पहिले दोन दिवस : दूध 100 मिली तीन वेळा, मूगडाळ-तांदळाची पेज दोन वेळा. दुधात फॉस्फेटही मिळतं.

सातव्या दिवसापासूनचं ताट :

सकाळी 7 : दूध 150 मिली, त्यात दूध पावडर एक मोठा चमचा.
9 : ज्वारीच्या पिठाची आंबील दही घालून, सोबत 30 ग्रॅम पनीर कुस्करून.
12.30 : एक छोटी ज्वारीची भाकरी, घट्ट मूगडाळीच्या वरणात कुस्करून दहा मिनिटं भिजवलेली. वर तूप एक चमचा आणि शेंगाचटणी दीड चमचा, बारीक कुटलेली, तिखट नगण्य.
4 : दूध 100 मिलीत भिजवलेला राजगिऱ्याचा छोटा लाडू. चहा मागतील, तो अर्धा कप, लाडवानंतर तासाभराने.
7 : मुगाची मऊ खिचडी, तूप, दही.
रात्री 9 : दूध 100 मिली, दूध पावडर. हे दहाव्या दिवसापासून, बाकीचं नीट पचत असेल तर.

शेंगाचटणी ही हौस म्हणून नाही. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात. आणि आजींनी दिवसभरात स्वतःहून नाव घेतलेला पदार्थ तो एकच. भाकरी कुस्करून देणार म्हटल्यावर "आमच्याकडं अशीच खातात" म्हणून हसल्या. महागड्या डब्याची पावडर सध्या नको. मुलाची मजुरी किती, हेही विचारात घेतलंय.

एकादशीला उपास मोडा असं सांगणार नाही, सांगूनही उपयोग नाही. त्या दिवशी वरीचा मऊ भात आणि घट्ट शेंगदाण्याची आमटी, दूध-दही तसंच. साबुदाण्याची खिचडी नको : चिकट, आणि प्रथिनं नाहीत.

डाएट किचनला : बेड 14 ला पोळी, उसळ पाठवू नये. मावशींना : ताट उचलण्याआधी किती उरलं ते पाव-अर्धं-पाऊण असं चार्टवर लिहावं.
सिस्टरना : वजन सोमवार-गुरुवार, त्याच काट्यावर. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने वाढलं तर ते पाणी समजा. सूज वाढणं, दम, धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं, यापैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

सलग तीन दिवस ठरवल्याच्या निम्म्याहून कमी गेलं, तर नाकातल्या नळीचा विषय राऊंडला काढेन. लोहाच्या गोळीचं ताप उतरल्यावर डॉक्टर ठरवतील.

सून उद्या कवळी आणणार आहे. दंतविभागाला कॉल लिहिला. परवा दुपारच्या जेवणाला पुन्हा येते.

आहारतज्ज्ञ, स्त्री मेडिसिन वॉर्ड