इंटर्नशिप 30 जूनला संपतेय, पुढचं विचारायचं होतं

मॅडम नमस्कार, मेसेज मोठा झालाय त्याबद्दल आधीच सॉरी. खरं तर समोर येऊन बोलायचं होतं, गेल्या आठवड्यात दोनदा केबिनच्या दारापर्यंत आलेही, पण एकदा तुम्ही कस्टमरच्या कॉलवर होतात आणि दुसऱ्यांदा माझाच धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. आज ऑडिटची गडबड आहे, त्यामुळे निवांत वाचा.

30 तारखेला माझे सहा महिने पूर्ण होतायत. सरळच विचारते, मला क्वालिटीमध्ये जीईटी म्हणून घ्यायचा काही विचार आहे का? मार्चमध्ये मी विचारलं तेव्हा तुम्ही "जूनमध्ये बघू" म्हणाला होतात, तेव्हापासून मी काही बोलले नाही, पण आता जून अर्धा होत आला. माझी शेवटच्या सेमची व्हायवा झालीये, फक्त रिझल्ट यायचाय, बॅकलॉग एकही नाही.

काय काय केलं त्याची यादी देत नाही, शीटवर सगळं आहेच. एकच सांगते, कारण ते तुमच्यापर्यंत अर्धवट पोचलंय असं वाटतं. एप्रिलमध्ये ब्रॅकेटची पिन टाइट बसतेय अशी कंप्लेंट आली होती ना, तेव्हा सगळे मशीनच्या सेटिंगमागे लागले होते. लाइनवरचे शिंदे मामा मला सहज म्हणाले, "ताई, हा प्लग गेज हल्ली जरा जास्तच सुळकन जातोय." मी त्याच गेजने ओके केलेले पाच पीस सीएमएमवर लावले तर तीन पीसचे बोअर लोअर लिमिटच्या खाली निघाले, म्हणजे गेजची गो बाजूच झिजली होती आणि लहान बोअरसुद्धा बिनधास्त पास होत होते. कॅलिब्रेशनचं स्टिकर मात्र व्हॅलिड, ड्यू डेटला अजून दोन महिने होते! आपण तारीख बघतो, गेज किती पीसवर वापरला ते बघत नाही. म्हणून मी पीसच्या आकड्यावर चेक करायचं रजिस्टर सुरू केलं, तेच हिरव्या फायलीत आहे. रिपोर्टवर माझं नाव आलं पण पहिली शंका मामांची होती, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि चूकही सांगते, नाहीतर फक्त कौतुक सांगितल्यासारखं होईल. फेब्रुवारीत मी जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर फर्स्ट पीस पास केला आणि अख्खा लॉट होल्डवर गेला, दुसऱ्या शिफ्टला थांबून सगळे सॉर्ट करत होते आणि मला कोणी काही बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून पीस हातात घ्यायच्या आधी रिव्हिजन नंबर वाचते, आता ती सवयच झालीये.

आता घाईचं कारण. रांजणगावच्या एका कंपनीची ऑफर आलीये, त्यांना 20 तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. पैसे तिकडे थोडे जास्त आहेत, पण काम डॉक्युमेंटेशनचं आहे, फ्लोअरवर जायला मिळणार नाही. प्लीज हे प्रेशर टाकायला सांगतेय असं समजू नका, मला इथेच राहायचंय, फक्त हातातली ऑफर सोडायची तर इथलं काहीतरी नक्की असावं इतकंच. मोशीच्या रूमचीही महिन्याची नोटीस द्यावी लागते, आणि घरून बाबांचा रोज फोन, "झालं का नक्की?" त्यांना रोज काय सांगायचं :)

अजून एक विचारायचं होतं, जरा अवघड वाटतंय पण आत्ताच विचारलेलं बरं. घ्यायचं ठरलंच तर कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर? आणि जीईटीची जागा या वर्षी नसेल तर वर्षभराची अप्रेंटिसशिप असेल का? त्यालाही माझी तयारी आहे, फक्त वर्षानंतर पुढे काय ते आधी कळलं तर घरी नीट सांगता येईल. एचआरकडे मी अजून गेले नाही, तुम्हाला न विचारता परस्पर जाणं बरोबर वाटलं नाही. तुम्ही म्हणालात तर उद्याच जाऊन भेटते.

नाही असेल तर नाही सांगा मॅडम, मला वाईट वाटेल पण राग येणार नाही, फक्त 18 तारखेपर्यंत कळलं तर बरं होईल. मंगळवारी तुमचा फ्लोअर राउंड झाला की दहा मिनिटं मिळतील का? मी सीएमएम रूममध्येच असेन.

आणि हो, काहीही ठरलं तरी गेजचं रजिस्टर कसं भरायचं ते मी नवीन मुलाला या आठवड्यात शिकवतेय, दोन गेज राहिलेत, शुक्रवारपर्यंत होतील.

ऋतुजा