रविवारी ११ तारखेला टाक्या धुणार आहेत, प्लीज घरी थांबा

स्नेहा, काकू लिहितेय खालून. मेसेज मोठा झालाय पण पूर्ण वाच आणि अमोघला पण वाचायला लाव, तो नुसता अंगठा टाकतो आणि मग त्या दिवशी जिन्यात विचारतो, काकू पाणी का नाही.

येत्या रविवारी, ११ जानेवारीला, आपल्या बिल्डिंगच्या सगळ्या टाक्या धुवायच्या आहेत. जमिनीतली, गच्चीवरच्या दोन काळ्या आणि प्रत्येकाच्या बाथरूमवरच्या माळ्यातली छोटी. आगीच्या सिलिंडरचा माणूस पण मी त्याच दिवशी बोलावलाय, म्हणजे तुमच्या दोन सुट्ट्या जायला नकोत. संक्रांतीच्या आधी उरकायचं होतंच, आणि गुरुवारी कॉर्पोरेशन पाणी बंद ठेवतं, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येतं, तेव्हा टाकी रिकामी केली तर भरायची कशाने, म्हणून रविवार.

माणसं ९ ला गच्चीवर सुरू करतील, तुमच्याकडे यायला ११ वाजतील असं म्हणतात म्हणजे साडेअकरा धर. ११ ते १ दोघांपैकी एक जण तरी घरी पाहिजे. गेल्या वर्षी तुम्ही लग्नाला नागपूरला होतात आणि तुमच्या माळ्यावरची टाकी तशीच राहिली, आता तिला दोन वर्षं होतील. दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन वर आले तेव्हा तुमच्या बेसिनच्या नळाची धार अगदी करंगळीएवढी पडत होती, आठवतंय ना, मी तिथल्या तिथे पुढची जाळी फिरवून काढली तर तळहातावर चहाच्या चोथ्यासारखा तांबडा गाळ आला. तेच पाणी तुम्ही तोंड धुवायला घेताय.

माझ्याकडे दुसरी चावी आहे हे खरं, पण तुम्ही नसताना चार परक्या माणसांना घेऊन तुमच्या घरात शिरणं मला पटत नाही, उद्या काही इकडचं तिकडे झालं तर तुम्हालाही वाईट आणि मलाही. म्हणून घरी थांबा एवढंच म्हणणं आहे.

शनिवारी रात्री माळ्यावरच्या बॅगा आणि तो आकाशकंदील खाली काढून ठेवा, टाकीचं झाकण त्याच्याखालीच आहे. दोन बादल्या आणि प्यायचं पाणी भरून घ्या. गिझर सकाळी अंघोळी झाल्या की भिंतीवरच्या बटणावरून बंद, हे विसरू नका, आत पाणी नसताना चालू राहिला तर कॉइल जळते. वॉशिंग मशीन आणि फिल्टरचा नळ पण बंद ठेवा. दुपारी पाणी सुरू झालं की आधी पाच मिनिटं नुसतं सोडून द्या, पहिलं पाणी गढूळ येतं आणि थोडा क्लोरीनचा वास येईल, घाबरायचं कारण नाही, नळ फुसफुसतात ती हवा असते.

आता आगीचं. उंच सोसायट्यांना २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला आगीची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म द्यावा लागतो, आपल्या चार मजल्यांना तेवढा पसारा नाही, पण प्रत्येक मजल्यावर लाल सिलिंडर आहे आणि तो शोभेला लावलेला नाही. तो माणूस काटा हिरव्यात आहे का बघेल, सिलिंडर उलटा करून आतली पावडर घट्ट झाली नाही ना बघेल. तुमच्या मजल्यावरच्या सिलिंडरला अमोघची सायकल टेकवलेली असते, ती शनिवारीच हलवा, खरं तर कायमचीच हलवा, जिना रिकामा पाहिजे. मग तो पाच मिनिटं तुमच्या स्वयंपाकघरात येईल, ओट्याखालची गॅसची नळी बघायला. त्या केशरी नळीवर तारीख छापलेली असते, साधारण पाच वर्षं चालते, तुमची मागच्या भाडेकरूंच्या वेळची आहे असा मला संशय आहे. बदलावी लागली तर ती माझ्याकडे लागली, टाकीचे पैसेही माझेच, त्या माणसांनी वर काही मागितलं तर देऊ नका, चहा द्या हवं तर. मेन स्विचजवळचं टेस्टचं बटणही तो दाबून दाखवेल, एक क्षण लाइट जाईल, तेवढा लॅपटॉप सांभाळा. पिन कशी ओढायची ते त्याच्याकडून दोघांनीही शिकून घ्या, मला मागच्या वर्षी येत नव्हतं आणि फ्रिजमागे ठिणगी उडाली तेव्हा मी सिलिंडर मिठीत धरून उभी होते.

जमणार नसेल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळव, आयत्या वेळी नको, मग १८ ला फक्त तुमच्यासाठी परत बोलवावं लागेल आणि तो वेगळी फेरी लावतो.

आणि हो, शनिवारी रात्री गच्चीवरचे कपडे काढून घे गं, गाळ उडतो, मागच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा पांढरा कुर्ता गेला आणि त्या अजून मला ऐकवतात.

– काकू